लेकराच्या मोबाईलमधला अनोळखी मित्र

मागच्या काही भागांत आपण मोबाईलवरून पैसे कसे जातात ते ऐकलं. आज लेकरांविषयी बोलायचं आहे, आणि त्यातही अशा लेकरांविषयी, ज्यांच्याबद्दल आपल्या गटाच्या बैठकीत कधी विषयच निघत नाही.

एखाद्या मुलाला मुलाचीच ओढ वाटते. एखाद्या मुलीचं मन मुलीतच गुंततं. एखाद्याचं शरीर मुलाचं असतं, पण आतून तो स्वतःला मुलगी समजतो. अशी लेकरं शहरात असतात तशी आपल्या परंड्यात, भूममध्ये, लोहाऱ्यातही असतात. देवीच्या मेळ्यातला साडी नेसलेला जोगत्या आपण सगळ्यांनी पाहिला आहे, पण अकरावीत शिकणारं, शर्ट-पँट घालून एसटीनं कॉलेजला जाणारं पोरगंही असं असू शकतं, हे आपल्या ध्यानात येत नाही. त्याला गावात आपल्यासारखं कुणी दिसत नाही. विचारावं कुणाला, तेही कळत नाही. मग ते मोबाईलमध्ये शोधतं. ही लेकरं स्वतःसाठी 'क्वीअर' हा शब्द वापरतात, तो कानावर आला तर घाबरू नका.

शोधणं चुकीचं नाही. बऱ्याच लेकरांना तिथंच पहिल्यांदा कळतं की आपण एकटे नाही. पण त्याच जागी अशा एकट्या लेकराची वाट बघत बसलेली माणसंही असतात. आणि या लेकरांच्या बाबतीत एक गोष्ट वेगळी आहे. दुसऱ्या कुठल्या मुलीला मोबाईलवर कुणी त्रास दिला, तर ती निदान आईला सांगू शकते. या लेकरानं त्रासाचं सांगायचं म्हटलं, तर आधी स्वतःचं गुपित उघडावं लागतं. म्हणून ते गप्प बसतं, आणि समोरच्याला हे पक्कं ठाऊक असतं. त्याचा सगळा धंदा या गप्प बसण्यावर चालतो. आजचं सगळं बोलणं ऐकताना एवढं लक्षात ठेवा.

हे कसं घडतं, एक उदाहरण

समजा, कळंब तालुक्यातला सोळा वर्षांचा मुलगा आहे. हे उदाहरण मी समजावण्यासाठी रचलं आहे, पण यातली एकेक पायरी पोलिसांकडं येणाऱ्या तक्रारींत पुन्हा पुन्हा दिसते. मुलगा इन्स्टाग्रामवर एका व्हिडिओखाली इंद्रधनुष्याचं चित्र टाकतो. रात्री त्याला निरोप येतो, 'तू पण का? मी पण.' समोरचा सांगतो, मी एकोणीस वर्षांचा, लातूरला इंजिनिअरिंग शिकतो, माझ्याही घरी कुणाला माहीत नाही. मुलाला रडू येतं. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी आपल्यासारखं भेटलेलं असतं.

चार-पाच दिवसांनी समोरचा म्हणतो, 'इथं नको बोलायला, टेलिग्रामवर ये. तिथं मेसेज आपोआप पुसले जातात.' मुलाला वाटतं, हा आपली काळजी घेतोय. खरं तर पुरावा राहू नये आणि तक्रार झालीच तर अकाउंट बंद पडू नये, म्हणून हे चाललेलं असतं. व्हॉट्सअॅपवर नेलं तर मुलाचा, किंवा बापाचा, नंबरही त्याच्या हाती जातो.

मग प्रश्न सुरू होतात. फोन तुझा का वडिलांचा? आई फोन बघते का? रात्री कुठं झोपतोस? ऐकायला हे मायेचं वाटतं. पण सख्यांनो, हे प्रश्न एकाखाली एक लिहून बघा. त्यात मुलाला काय आवडतं, परीक्षा कशी गेली, असलं काही नाही. घरात पहारा किती आहे, एवढंच त्यात विचारलेलं आहे.

पुढं तो मुलाच्या मोबाईलचा रिचार्ज करून देतो. दोन-तीनशे रुपयांची गोष्ट, पण ज्याला घरी रिचार्जसाठी चार वेळा मागावं लागतं, त्याच्या मनावर उपकार बसतो. बरोबरीनं तो हळूहळू सांगत राहतो, 'तुझ्या घरच्यांना कळलं तर ते तुला मारतील. तुला फक्त मीच समजू शकतो.' म्हणजे मुलाचं उरलंसुरलं माणूसही तो तोडतो.

आता फोटो. आधी तो स्वतःचा म्हणून एक फोटो पाठवतो, तो दुसऱ्याच कुणाचा चोरलेला असतो. मग म्हणतो, 'मी विश्वास टाकला, तू नाही टाकणार?' पहिला फोटो साधा, दुसरा कपडे काढून पण चेहऱ्याशिवाय, तिसरा चेहऱ्यासह. तिसरा गेला की त्याच रात्री बोलण्याची तऱ्हा बदलते. मुलाच्या मित्रांच्या यादीचा फोटो येतो, त्यात चुलतभावाचं, कॉलेजच्या पोरांचं नाव असतं. सोबत ओळ असते, 'पाचशे पाठव, नाहीतर सगळ्यांना जाईल.' नाहीतर पैशांऐवजी, 'रविवारी लातूरला लॉजवर ये.'

मुलीच्या बाबतीतही असंच होतं. तिथं बहुतेकदा मुलीचं नाव आणि मुलीचा फोटो लावून एखादा पुरुष बोलत असतो. ती मुलगी आहे या भरवशावर आपली मुलगी जे सांगते, ते पुरुषाला कधीच सांगितलं नसतं.

ओळखायचं कसं

लेकरांना आपण सांगतो, अनोळखी माणसाशी बोलू नको. पण या लेकराला ओळखीचं कुणी नाहीच, म्हणून तर ते तिथं गेलं. त्याला हा सल्ला उपयोगाचा नाही. त्यापेक्षा एक परीक्षा शिकवावी. समोरच्याला 'नाही' म्हणून बघायचं. 'मी महिनाभर फोटो देणार नाही, नंबर देणार नाही, दुसऱ्या अॅपवर येणार नाही. इथंच बोलू.' एवढं सांगायचं आणि तो काय करतो ते बघायचं. खरा सोबती 'बरं' म्हणतो आणि पहिल्यासारखाच बोलत राहतो. दुसरा आधी रुसतो, मग शपथ घालतो, मग दोन दिवस बोलणं बंद करतो, मग रागावतो. 'नाही' ऐकल्यावर जो बदलला, त्याच्याशी बोलणं तिथंच थांबवायचं, कारण पुढं फोटोच्या वेळीही तो असाच वागणार.

दुसरी गोष्ट अकाउंट बघण्याची. इन्स्टाग्रामवर त्या माणसाच्या पानावर वरचे तीन ठिपके दाबले की About this account असं येतं. तिथं अकाउंट कधी उघडलं ते दिसतं. दोन महिन्यांपूर्वी उघडलेलं, पाच-सहाच फोटो असलेलं आणि ज्याच्या फोटोखाली कुणी ओळखीचं बोलतच नाही, असं अकाउंट असेल तर सावध व्हावं. पण जुनं अकाउंट म्हणजे खरा माणूस, असंही नाही. चोरलेली आणि विकत घेतलेली अकाउंटही असतात. व्हिडिओ कॉलवर चेहरा दिसला म्हणून वय कळत नाही, आणि तो कॉल पलीकडं साठवून ठेवता येतो. म्हणून अकाउंट बघून थांबू नये, 'नाही'ची परीक्षा घ्यावीच.

कुठली जागा बरी

जागा तीन तऱ्हेच्या असतात, त्या वेगळ्या ओळखाव्या.

पहिली म्हणजे ओळख जुळवण्याचे अॅप, डेटिंग अॅप म्हणतात ते. ग्राइंडर हे त्यातलं पुरुषांमधलं जास्त वापरलं जाणारं. ते अठरा वर्षांपुढच्यांसाठी आहे. पण वय विचारलं की लेकरू हवं ते वर्ष टाकतं आणि आत जातं. आपल्यापासून कोण किती अंतरावर आहे, हे दाखवण्यासाठीच ते बनवलेलं आहे. शहरात हजारो माणसांत एक मुलगा हरवून जातो. आपल्या तालुक्याच्या गावी, 'दोन किलोमीटरवर' एवढं कळलं तरी कोण ते ओळखता येतं. २०२५ साली केरळातल्या कासरगोड जिल्ह्यात सोळा वर्षांच्या मुलाचं असं प्रकरण उघडकीला आलं. अशाच अॅपवरून ओळख झालेल्या अनेक पुरुषांनी त्याचं शोषण केल्याची तक्रार झाली आणि पोलिसांनी एकामागोमाग गुन्हे नोंदवले. आरोपींत सरकारी नोकरीतली माणसंही होती. मुलाला तिथं स्वतःसारखं कुणी हवं होतं, आणि भेटली ती मोठी माणसं. अठराच्या आतल्या लेकरासाठी ही जागा नाही, एवढं त्याला सरळ सांगावं.

दुसरी तऱ्हा म्हणजे सगळ्यांना उघडी असलेली पानं आणि व्हिडिओ. ती बघायला, ऐकायला हरकत नाही. तिथं आपल्यासारखी मोठी झालेली, नोकरी करणारी, हसणारी माणसं दिसतात, त्यानं धीर येतो. धोका असतो तो त्या पानाखालून आलेल्या खासगी निरोपात. अकाउंट खासगी ठेवावं, मित्रांची यादी अनोळखी माणसाला दिसू देऊ नये, गावाचं आणि कॉलेजचं नाव लिहू नये, गणवेशातला फोटो लावू नये.

तिसरी तऱ्हा म्हणजे एखाद्या संस्थेनं चालवलेला गट किंवा मदतीची लाइन. संस्थेचं नाव, पत्ता, चालवणाऱ्या माणसांची नावं उघड असतात. मुंबईत हमसफर ट्रस्ट १९९४ पासून काम करतं. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी समपथिक ट्रस्ट सुरू केला, आणि त्यांनी या विषयावर मराठीत पुस्तकंही लिहिली आहेत. आपल्या लेकराला इंग्रजी जड जातं, त्याला मराठी पुस्तक मोठा आधार देतं, आणि पुस्तक वाचताना कुणी उलट निरोप पाठवत नाही. आईवडिलांसाठी 'स्वीकार' नावाचा पालकांचाच गट आहे. या संस्थांचे मेळावे आणि गट पुष्कळदा मोठ्यांसाठी असतात, म्हणून आत जाण्याआधी वयाची अट विचारावी. परदेशात ट्रेव्हर प्रोजेक्ट नावाची संस्था १३ ते २४ वर्षांच्या मुलामुलींसाठी गट चालवते, पण ते इंग्रजीत आहे. आणि तेरा वर्षांचं लेकरू आणि चोवीस वर्षांचा माणूस एकाच ठिकाणी आले, तर चांगल्या संस्थेतही खासगी बोलण्याचे नियम तेच ठेवावे.

गट चांगला आहे का, हे कळायला लेकरानं पहिले दोन-तीन आठवडे नुसतं वाचावं, काही लिहू नये. कुणी घाण बोललं, कुणी लहान मुलाला 'खासगीत ये' म्हटलं, तर चालवणारे काय करतात ते बघावं. चांगल्या गटात तो मजकूर निघतो आणि त्या माणसाला बाहेर काढतात. जिथं सगळे हसून सोडून देतात, तिथून निघावं. चांगला गट तुझं खरं नाव मागत नाही, घर सोडून ये म्हणत नाही, आणि गट सोडला तर मागं लागत नाही.

नुसतं मन मोकळं करायचं असेल, तर १४४१६ हा सरकारचा टेलि-मानस नंबर आहे. तो फुकट आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं. तुळजापूरला ज्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचं आवार आहे, त्याच संस्थेची मुंबईहून चालणारी आयकॉल ही समुपदेशनाची लाइन आहे, ९१५२९८७८२१. एक गोष्ट लेकराला आधीच माहीत असावी. अठराच्या आतल्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं ज्याला कळतं, त्यानं ते पोलिसांना किंवा बालसंरक्षणाच्या पथकाला कळवणं कायद्यानं बंधनकारक आहे. समुपदेशकालाही ते लागू आहे. नुसतं 'मला मुलं आवडतात' एवढं सांगितलं, तर ते कुठं कळवायचं नसतं.

धमकी आलीच तर

पैसे देऊ नयेत. एकदा दिले की त्याला कळतं, इथून मिळतात. पाचशेनंतर दोन हजार येतात.

रागात सगळं पुसून टाकू नये. आधी धमकीच्या निरोपांचे, त्याच्या नावाचे, पैसे मागितले त्या यूपीआयच्या आयडीचे स्क्रीनशॉट घ्यावे, तारीख-वेळ लिहावी. मग त्याची तक्रार त्या अॅपवर करावी आणि ब्लॉक करावं. एक फार जपायचं. लेकराचा उघडा फोटो पुरावा म्हणून कुणालाही पाठवू नये, मामाला नाही, सरपंचाला नाही, गटाच्या ताईलाही नाही. अठराच्या आतल्या लेकराचा तसा फोटो पुढं पाठवणं हा स्वतःच गुन्हा आहे. पोलिसांना तो कसा दाखवायचा, ते पोलिसच सांगतात.

फोटो पसरेल अशी भीती असेल, तर takeitdown.ncmec.org ही फुकट सोय आहे. मोबाईलमधला तो फोटो तिथं निवडला की त्याचा एक आकड्यांचा ठसा तयार होतो. फोटो मोबाईलमधून बाहेर जातच नाही, फक्त ठसा जातो. इन्स्टाग्राम, फेसबुक अशा सामील झालेल्या कंपन्या तो ठसा जुळणारे फोटो शोधून काढून टाकतात. नाव द्यावं लागत नाही. अठरा पूर्ण होण्याआधी काढलेल्या फोटोंसाठी ही सोय आहे. मोठ्यांसाठी stopncii.org आहे. पण व्हॉट्सअॅपवर एकानं दुसऱ्याला पाठवलेला फोटो यानं थांबत नाही, हे ध्यानात घ्या.

पैसे गेले असतील तर लगेच १९३० ला फोन करावा, तासातासानं पैसे परत मिळण्याची आशा कमी होते. cybercrime.gov.in वर महिला आणि बालकांविषयीची तक्रार नाव न देताही करता येते. लेकराला मदतीसाठी १०९८ आहे.

धमकी देणारा हमखास म्हणतो, 'पोलिसांकडं गेलास तर तुलाच धरतील.' हे खोटं आहे. ६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की, मोठ्या माणसांनी राजीखुशीनं ठेवलेले समलिंगी संबंध हा गुन्हा नाही. आणि लेकरू अठराच्या आतलं असेल, तर २०१२ चा पॉक्सो कायदा त्याच्या बाजूनं उभा राहतो. तो मुलीइतकाच मुलालाही लागू आहे. लेकरानं 'हो' म्हटलं होतं, फोटो स्वतः पाठवला होता, याचा धमकावणाऱ्याला फायदा मिळत नाही. जबाब लेकराच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल तिथं घेतात, पोलीस गणवेशात नसतात, रात्री लेकराला ठाण्यात ठेवता येत नाही, आणि त्याचं नाव छापता येत नाही.

त्या रात्री आईनं काय करावं

लेकरू येऊन सांगेल, किंवा तुम्हालाच मोबाईलमध्ये काही दिसेल. तेव्हा दोन प्रश्न एकदम समोर येतात. लेकराला कुणी त्रास दिला, आणि लेकरू असं आहे. पहिल्या रात्री फक्त पहिला प्रश्न हातात घ्या. 'तुला कुणी धमकी देतंय का? पैसे मागितले का? भेटायला बोलावलं का?' एवढंच विचारा. दुसऱ्याला वेळ आहे.

मोबाईल हिसकावून घेतला तर पुरावा जातो, आणि 'घरचे तुला मारतील' हे त्या माणसाचं बोलणं खरं ठरतं. मग लेकरू मित्राच्या फोनवरून त्याच्याकडंच जातं. वडिलांना कधी सांगायचं, तेही लेकराशी बोलून ठरवा. ज्या घरात मार पडण्याची भीती आहे, तिथं आधी १०९८ शी बोलून घेतलेलं बरं.

आणखी एक तऱ्हेचा फसवणारा आईबापाच्याच दारात येतो. 'मी याला ठीक करतो' म्हणणारा. कधी तो देवऋषी असतो, कधी गोळ्या देणारा, कधी पाटी लावलेला डॉक्टर. जागतिक आरोग्य संघटनेनं १९९० सालीच समलिंगी असणं आजारांच्या यादीतून काढलं. आपल्या देशात राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२२ साली असा 'बदलण्याचा' उपचार करणं हे डॉक्टरचं गैरवर्तन ठरवलं. म्हणून असा उपचार विकणाऱ्याला पैसे देऊ नका आणि लेकरू त्याच्या हवाली करू नका.

शेवटचं आपल्या गटासाठी. हा विषय बैठकीत जरूर काढा, नंबर लिहून घ्या. पण 'अमक्याचा पोरगा तसलाच दिसतो' असं एकही वाक्य तिथं निघू देऊ नका. गावात नाव फुटलं, तर धमकावणाऱ्यानं ज्याची भीती घातली होती तेच आपण करून दाखवलं असं होईल. नंबर पुन्हा एकदा सांगते. बोलायला १४४१६, लेकराच्या मदतीला १०९८, पैसे गेले तर १९३०.